तीन वाटांनी आलेली एकच तक्रार

ग्राहक एकच, तक्रार एकच. पण ती फोनवरून, ईमेलने आणि संकेतस्थळावरच्या अर्जातून अशी तीन वाटांनी सेवा केंद्रात पोचली, की केंद्राच्या यादीत तीन प्रलंबित नोंदी उभ्या राहतात. तिन्हींचे क्रमांक वेगळे असतात आणि त्या वेगवेगळ्या माणसांकडे जातात. परिणाम लगेच दिसतो. एकाच घरी दोन तंत्रज्ञांच्या फेऱ्या ठरतात, एकच सुटा भाग दोनदा राखून ठेवला जातो आणि ग्राहकाला एक जण आजची तर दुसरा परवाची वेळ सांगतो. पहिला तंत्रज्ञ काम करून गेल्यावर उरलेल्या दोन नोंदी कित्येक दिवस उघड्या राहतात. प्रलंबित कामाचा आकडा फुगतो आणि ज्याच्याकडे खरोखर कोणीच गेलेले नाही तो ग्राहक रांगेत मागे ढकलला जातो.

ग्राहक असे का करतो, याचे कारण साधे आहे. फोन केल्यावर काही तास कोणी आले नाही, तर तक्रार नोंदली गेली की नाही अशी शंका येते. मग फोटो जोडता यावा म्हणून ईमेल जातो. ईमेलला ठरावीक यांत्रिक उत्तर आले, की अर्ज भरला जातो. यात ग्राहकाची चूक नाही. तीन वाटा केंद्रानेच खुल्या ठेवलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

त्या जोडण्याचे काम दोन प्रश्नांत मोडते: या नोंदी एकाच ग्राहकाच्या आहेत का, आणि असतील तर त्या एकाच कामासाठी आहेत का? बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच समजल्याने होतात.

कल्पित पण नेहमी घडणारे एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका घरातला वॉटर प्युरिफायर तळातून गळू लागला. घरातल्या बाईंचे आडनाव कऱ्हाडे. सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. फोन घेणाऱ्याने इंग्रजी लिपीत आडनाव Karade असे टिपले, पत्ता आणि पिनकोड विचारून घेतला, पण ईमेल विचारला नाही. दुपारी बाईंनी यंत्राचा फोटो जोडून ईमेल केला. खाली देवनागरीत नाव होते. फोन नंबर नव्हता, पत्ताही नव्हता. संध्याकाळी त्यांनी संकेतस्थळावर अर्ज भरला. तिथे आडनाव Karhade असे आले आणि ईमेल तोच दिला. मोबाइल मात्र यजमानांचा टाकला, कारण खरेदीच्या वेळी कंपनीकडे तोच नोंदवलेला होता. शिवाय त्याच घराची आणखी एक विनंती आठ दिवसांपासून पडून होती: वार्षिक देखभालीत फिल्टर बदलण्याची. तीही यजमानांच्याच मोबाइलवर नोंदलेली.

या चार नोंदी अक्षराला अक्षर लावून पाहिल्या तर गळतीच्या तीन नोंदींपैकी कोणत्याही दोन पूर्णपणे सारख्या निघत नाहीत. म्हणून तुलनेआधी प्रत्येक तपशील एका ठरलेल्या रूपात आणावा लागतो. मोबाइलच्या बाबतीत हे सोपे आहे. कोणी मागे +91 लावतो, कोणी शून्य लावतो, कोणी मध्ये जागा सोडतो, कोणी देवनागरी अंकात लिहितो. अंक एका लिपीत आणून, बाकीची चिन्हे काढून शेवटचे दहा अंक घेतले की भारतातला नंबर हाती येतो. लँडलाइनलाही ही युक्ती लागू पडते, कारण सुरुवातीचे शून्य सोडून शहराचा कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहाच अंक होतात. अडचण येते ती पुणेकराने फक्त आठ अंकी स्थानिक नंबर दिल्यावर. तिथे शहराचा कोड पत्त्यावरून भरून घ्यावा लागतो.

ईमेल पत्त्यातली मोठी-लहान अक्षरे एकसारखी केली की बराचसा प्रश्न सुटतो. जीमेलमध्ये नावातला टिंब गृहीत धरला जात नाही, त्यामुळे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच खात्यात जातो. हा नियम इतर सेवांना मात्र सरसकट लावू नये. दुसऱ्या एखाद्या सेवेत तेच दोन पत्ते दोन वेगळ्या माणसांचे असू शकतात.

नावाचे काम सर्वांत नाजूक, आणि मराठी नावांत तर विशेष. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव पडद्यावर एकसारखे दिसत असले तरी संगणकात ते निदान दोन तऱ्हांनी साठवलेले असते. काही कळफलक ऱ्ह लिहिताना ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त आणि मग ‘ह’ असा क्रम ठेवतात. काही साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर न दिसणारे जोडणारे चिन्ह आणि मग ‘ह’ असा ठेवतात. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण यंत्राला ही दोन वेगळी नावे वाटतात. न दिसणारी चिन्हे नुसती पुसून टाकली तर दुसऱ्या रूपाचे ‘कर्‍हाडे’ न राहता रफार चढून ‘कर्हाडे’ होते आणि गोंधळ वाढतो. म्हणून आधी दोन्ही रूपे एका रूपात बदलून मगच बाकीची सफाई करावी लागते. गोऱ्हे, बऱ्हाटे अशा नावांनाही हेच लागू आहे. मराठी ग्राहकांसाठी चालवलेल्या व्यवस्थेत ही काळजी घेतली नसेल, तर नावाच्या तुलनेवर विसंबू नये.

इंग्रजी लिपीतल्या नावांसाठी ध्वनीवर आधारित संकेत वापरतात. त्यातला सर्वांत जुना साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांना त्याचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली मिळाले. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर आणि ‘एच’सारखी अक्षरे सोडायची, उरलेल्या व्यंजनांना गटानुसार अंक द्यायचे, असा त्याचा बेत. Karhade आणि Karade या दोन्हींचा संकेत K630 येतो, म्हणजे फोन घेणाऱ्याची चूक भरून निघते. पण Kharat म्हणजे खरात या आडनावाचा संकेतही K630 च येतो. इंग्रजी उच्चारासाठी बेतलेल्या या पद्धतीला क आणि ख, ट आणि ड यांतला फरक कळत नाही. म्हणून ध्वनीसंकेत जुळला याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की या दोन नोंदी जवळ ठेवून पाहण्याजोग्या आहेत. निर्णय त्यावर होत नाही.

जवळ ठेवून पाहण्याजोग्या जोड्या निवडणे हा पुढचा टप्पा. एका वेळी ५,००० नोंदी प्रलंबित असतील, तर प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायला सव्वा कोटीच्या आसपास जोड्या होतात. ते टाळण्यासाठी मोबाइल, ईमेल, यंत्राचा अनुक्रमांक, किंवा पिनकोड आणि आडनावाचा ध्वनी यांपैकी निदान एक गोष्ट जुळणाऱ्या नोंदीच शेजारी आणतात. एकाच निकषावर भिस्त ठेवली तर आपल्या उदाहरणात फसगत होते. मोबाइल हा एकच निकष असता तर फोनवरची तक्रार आणि अर्ज कधीच समोरासमोर आले नसते.

आता जुळलेल्या आणि न जुळलेल्या तपशिलांना किती वजन द्यायचे? हा प्रश्न ग्राहक सेवेपेक्षा जुना आहे. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या वेगवेगळ्या दप्तरांतल्या नोंदी एकाच माणसाच्या म्हणून जोडण्याची कल्पना अमेरिकेतले हॉलबर्ट डन यांनी १९४६ साली मांडली. कॅनडात हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ती संगणकावर आणली. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडाच्याच संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये तिला गणिती पाया दिला. आजही बहुतेक व्यवस्था त्याच पायावर उभ्या आहेत.

त्यांचा विचार असा. एखादा तपशील जुळला, की दोन गोष्टी विचारायच्या: नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील तर तो किती वेळा जुळेल, आणि दोन भलत्याच माणसांच्या असतील तर निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळेल? समजा, एकाच माणसाच्या जोड्यांपैकी १०० पैकी ८० वेळा मोबाइल सारखा असतो, कारण काही जण दोन नंबर वापरतात. भलत्या जोड्यांत तो १०,००० मध्ये एकदा सारखा निघतो. म्हणजे मोबाइल जुळल्यावर ‘एकच माणूस’ ही शक्यता ८,००० पट होते. एक दुप्पट झाली की एक गुण, असा हिशेब ठेवला तर हे सुमारे १३ गुण होतात. मोबाइल जुळला नाही तर १०० पैकी २० विरुद्ध जवळपास १०० असे प्रमाण पडते आणि साधारण २.३ गुण वजा होतात. नंबर जुळणे हा भक्कम पुरावा असतो, पण न जुळणे हा दुबळा नकार ठरतो. ज्या घरात दोन-तीन मोबाइल आहेत तिथे असेच असायला हवे.

पिनकोड एकाच माणसाच्या बाबतीत १०० पैकी ९५ वेळा आणि भलत्या जोडीत १०० पैकी दोनदा जुळतो असे धरले, तर जुळल्यावर ५.६ गुण मिळतात. आडनावाचे वजन आडनावावर ठरते. पाटील किंवा जाधव जुळणे योगायोगानेही सहज घडते, म्हणून त्याला कमी गुण. कऱ्हाडे त्या मानाने विरळ, म्हणून पूर्ण जुळल्यास समजा १० आणि ध्वनीपुरते जुळल्यास ७. ईमेलला मोबाइलइतकेच १३ देऊ. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. प्रत्येक केंद्राने ते आपल्या जुन्या, हाताने तपासलेल्या नोंदींवरून काढायचे असतात. जो तपशील एखाद्या नोंदीत मुळातच नाही, त्याचे गुण शून्य. तो विरोधातला पुरावा नव्हे.

गुणांची बेरीज झाली की दोन रेषा लागतात. समजा, १८ च्या वर गुण असतील तर यंत्राने स्वतःच ‘एकच ग्राहक’ म्हणावे, १० च्या खाली असतील तर नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, आणि मधल्या पट्ट्यात माणसाने पाहावे. हा मधला पट्टा फेलेगी आणि संटर यांनीच ठेवला होता. तो काढून टाकण्याचा मोह खर्चामुळे होतो, पण व्यवस्थेची विश्वासार्हता त्याच पट्ट्यात असते.

ईमेल आणि अर्ज यांची जोडी पाहू. ईमेल पत्ता जुळतो, १३. एक नाव देवनागरीत आणि दुसरे रोमन लिपीत असल्याने आडनाव लिप्यंतर करूनच ताडावे लागते. ते जुळल्यावर १०. एकूण २३, म्हणजे ग्राहक एकच. फोन आणि अर्ज यांच्यात मोबाइल जुळत नाही, उणे २.३, पिनकोड जुळतो, ५.६, आडनाव ध्वनीने जुळते, ७. बेरीज १०.३, म्हणजे जेमतेम मधला पट्टा. माणूस उघडून पाहतो तेव्हा सोसायटीचे नाव आणि फ्लॅट क्रमांक दोन्हीकडे तोच दिसतो आणि शंका संपते. फोन आणि ईमेल यांच्यात मात्र ताडण्याजोगे आडनावाशिवाय काहीच नाही. ७ गुणांवर त्या नोंदी वेगळ्याच राहतात, आणि तेच योग्य आहे. संध्याकाळी अर्ज आल्यावर दोघींमध्ये पूल बांधला जातो. यावरून एक व्यवहारी गोष्ट ठरते: तपासणी फक्त नोंद दाखल होताना करून भागत नाही. नवी नोंद आली किंवा जुन्या नोंदीत तपशिलाची भर पडली, की ती पुन्हा करावी लागते.

पूल बांधताना सावधही राहावे लागते. पहिली नोंद दुसरीशी जुळते, दुसरी तिसरीशी, तिसरी चौथीशी, अशी साखळी लांबत गेली की दोन टोकांना एकमेकांशी काही संबंध नसलेले ग्राहक येऊ शकतात. साखळीतल्या टोकांचा आपसात उघड विरोध असेल, उदाहरणार्थ फ्लॅट क्रमांक वेगळे असतील, तर साखळी तिथेच तोडून माणसाकडे द्यावी.

सर्वांत जास्त गुण मिळतात ते अर्ज आणि जुन्या देखभालीच्या विनंतीला: मोबाइल १३, पिनकोड ५.६, आडनाव १०. एकूण २८ च्या वर. ग्राहकाची ओळख इथे सर्वांत पक्की आहे, आणि तरीही या दोन नोंदी एकत्र करायच्या नाहीत. फिल्टर बदलणे आणि गळती थांबवणे ही दोन वेगळी कामे. त्यांचे सुटे भाग वेगळे, मुदत वेगळी. नुसत्या ओळखीवर विलीन करणारी व्यवस्था गळतीची तक्रार देखभालीच्या रांगेत टाकते, आणि स्वयंपाकघरात पाणी साचत राहते.

म्हणून दुसरा प्रश्न वेगळा सोडवायचा. फोन घेणाऱ्याने ‘लीकेज’ लिहिले, ईमेलमध्ये ‘खालून पाणी ठिबकतंय’ असे आहे, अर्जात यादीतून ‘इतर’ निवडून पुढे ‘ओटा ओला होतो’ असे लिहिले आहे. शब्द जुळवून इथे काहीच साधत नाही. प्रत्येक नोंद ‘कोणते यंत्र’ आणि ‘कोणता बिघाड’ अशा ठरलेल्या खणांत बसवावी लागते, आणि तुलना खणांची करायची असते. यंत्राचा अनुक्रमांक मिळाला तर उत्तम. ईमेलला जोडलेल्या फोटोत तो असतो, पण कोणी तरी पाहून टिपला तरच उपयोगी पडतो. बिघाडाचा खण नक्की ठरत नसेल तर माणसाने वाचावे. काळाचाही विचार हवा: दोन्ही नोंदी प्रलंबित असतील आणि काही दिवसांच्या अंतराने आल्या असतील तरच त्या दुहेरी मानायच्या. आधीची नोंद काम होऊन बंद झाली असेल आणि पुन्हा तीच तक्रार आली असेल, तर दुरुस्ती टिकली नाही असा त्याचा अर्थ होतो. ती दुहेरी म्हणून गिळली तर कंपनीला आपले सदोष काम कधीच दिसणार नाही.

काही नंबर ओळखीसाठी निरुपयोगी असतात. सोसायटीच्या सचिवांचा मोबाइल दहा सदनिकांच्या तक्रारींवर असतो, विक्रेता सगळ्या गिऱ्हाइकांसाठी आपलाच नंबर देतो, मोठ्या कार्यालयातला कोणताही फोन बाहेर एकाच नंबराने दिसतो. घाईत फोन घेणारा ईमेलच्या रकान्यात काही तरी भरायचे म्हणून केंद्राचाच पत्ता टाकतो. असा एखादा पत्ता निसटला तर एका रात्रीत शेकडो अनोळखी नोंदी एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. उपाय सोपा आहे: प्रत्येक नंबर आणि पत्ता किती वेगवेगळ्या घरांशी जोडलेला आहे हे मोजायचे, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्यांना गुणांतून वगळायचे.

आता प्रत्यक्ष विलीनीकरण. तीन नोंदींपैकी एक मुख्य ठरते आणि बाकीच्या तिला जोडल्या जातात. मुख्य म्हणून बहुधा सर्वांत जुनी घेतात, आणि तंत्रज्ञ आधीच नेमलेला असेल तर ती नोंद. कोणतीही घेतली तरी मुदतीचे घड्याळ पहिल्या संपर्कापासूनच चालले पाहिजे. संध्याकाळचा अर्ज मुख्य धरून सकाळचा फोन विसरला, तर ग्राहकाचे वाट पाहण्याचे तास कागदावरून पुसले जातात. पाठपुरावा करणाऱ्या ग्राहकाला त्याचीच शिक्षा देण्यासारखे ते आहे, आणि कोणत्याही केंद्राने ते होऊ देऊ नये.

तपशील एकत्र करताना नवीन नोंदीने जुनी झाकून टाकायची नसते. दोन्ही मोबाइल ठेवायचे आणि कोणता कुठून आला हे टिपायचे. फोटो, फोनचे टिपण आणि अर्जातला मजकूर काळाच्या क्रमाने, मूळ शब्दांत राहिले पाहिजेत. तिसऱ्या नोंदीत ‘आता यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात’ असे एक वाक्य असू शकते. विजेचा धोका सांगणारे ते वाक्य ‘दुहेरी’ असा शिक्का मारून बंद केले तर अनर्थ होईल. म्हणून जोडलेल्या नोंदींपैकी सर्वांत तातडीची जी श्रेणी असेल ती मुख्य नोंदीला द्यायची.

एक चूक वारंवार होते. तक्रारींच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी जोडल्या जातात, पण तंत्रज्ञांच्या फेऱ्या ठरवणारी व्यवस्था वेगळी असते आणि तिला कोणी कळवत नाही. पडद्यावर एक नोंद दिसते आणि दारात दोन तंत्रज्ञ येतात. जादा फेरी आणि राखून ठेवलेला जादा भाग रद्द होईपर्यंत विलीनीकरण पूर्ण झाले असे मानू नये. त्यानंतर ग्राहकाला एकच निरोप द्यायचा: तिन्ही क्रमांक एका कामात जोडले आहेत, पुढे हा क्रमांक वापरावा, तंत्रज्ञ अमुक वेळी येईल. जुना क्रमांक सांगून कोणी फोन केला तरी मुख्य नोंदच उघडली पाहिजे. देखभालीची विनंती स्वतंत्र राहते, पण ती ‘याच घराचे दुसरे काम’ म्हणून शेजारी दिसली तर एकाच फेरीत दोन्ही कामे होतात.

चुका दोन बाजूंनी होतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. दुहेरी नोंद सुटली तर एक फेरी वाया जाते. दोन वेगळ्या ग्राहकांच्या नोंदी जोडल्या तर एकाचे काम झाल्यावर दुसऱ्याची तक्रार आपोआप बंद होते, आणि एकाचा पत्ता किंवा फोन नंबर दुसऱ्याच्या ईमेलमध्ये जाऊ शकतो. पहिली चूक तंत्रज्ञाच्या शेऱ्यात सापडते: ‘काम आधीच झालेले आढळले’ असे शेरे किती आले, हे मोजले की सुटलेल्या दुहेरी नोंदींचा अंदाज येतो. दुसरी चूक आपणहून वर येत नाही. तिच्यासाठी दर आठवड्याला यंत्राने जोडलेल्या काही नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून माणसाने तपासाव्या लागतात, आणि त्यांत चुका दिसल्या तर १८ ची रेषा वर न्यावी लागते. त्यामुळे मधल्या पट्ट्यातले काम वाढते. तेवढा भार उचलायला माणसे आहेत का, यावर रेषा शेवटी कुठे ठरते ते अवलंबून असते.

चुकीने जोडलेल्या नोंदी सोडवताही आल्या पाहिजेत. काही प्रचलित हेल्पडेस्क सॉफ्टवेअरमध्ये एकदा केलेले विलीनीकरण मागे घेता येत नाही. अशा ठिकाणी यंत्राला थेट विलीन करू न देता नोंदी नुसत्या जोडून ठेवणे बरे. व्यवस्था स्वतः घडवायची असेल तर मूळ नोंदी जशाच्या तशा ठेवून कोणी, कधी आणि कोणत्या गुणांवर जोडल्या हे लिहून ठेवतात. सोडवताना प्रत्येक मजकूर आणि फोटो ज्या नोंदीतून आला तिच्याकडे परत जातो, घड्याळ तिच्या मूळ वेळेपासून पुन्हा धरले जाते, आणि या दोन नोंदी वेगळ्या आहेत अशी खूण कायमची राहते. ती खूण नसेल तर रात्रीच्या फेरतपासणीत यंत्र तेच गुण मोजते आणि सकाळी त्या पुन्हा जोडलेल्या सापडतात.